सोसायटीच्या गणेशोत्सवाची कायमची ओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांच्या उत्सव समित्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच काल्पनिक उदाहरण धरलं आहे. सोसायटीचं नाव 'सायली', घरं १२०, आणि पहिला गणपती बसला १९९८ साली.

१. देखावा दरवर्षी नवा असतो. मग 'तेच' ठेवायचं म्हणजे नेमकं काय ठेवायचं?

पाच गोष्टी: नाव लिहायची पद्धत, चिन्ह, अक्षरांचं वळण, दोन रंग आणि फलकाची चौकट. बाकी सगळं बदललं तरी चालतं, बदलायलाच हवं. लालबागच्या राजाची मूर्ती दरवर्षी नव्याने घडते आणि मागची सजावटही बदलते, पण चेहरा आणि बसण्याची ढब तीच राहते, म्हणून लांबूनही ओळख पटते. सोसायटीच्या उत्सवात मूर्ती दरवर्षी तशीच मिळेल याची खात्री नसते, त्यामुळे ते काम या पाच गोष्टींवर येतं.

गडबड होते ती बहुतेक वेळा देखाव्याचा विषय आणि उत्सवाची ओळख यांची सरमिसळ झाल्यामुळे. या वर्षी देखावा किल्ल्यांचा, म्हणून नावच दगडी अक्षरांत आणि चिन्हाला बुरूज. पुढच्या वर्षी विषय जंगलाचा, म्हणून तेच नाव पानांच्या अक्षरांत. दोन्ही फलक सुंदर असतात, पण शेजारी ठेवले तर एकाच सोसायटीचे वाटत नाहीत. विषयाचं शीर्षक हवं तितकं नटवा. उत्सवाच्या नावाला मात्र हात लावू नका.

२. नावात काय काय घालायचं? 'सार्वजनिक', 'को-ऑप. हौसिंग सोसायटी', 'मंडळ' हे सगळं हवं का?

नोंदणीतलं पूर्ण नाव पावतीपुस्तकावर आणि परवानगीच्या अर्जांवर हवं. फलक, निमंत्रण, टी-शर्ट आणि व्हॉट्सॲपसाठी छोटं नाव ठरवा: 'सायली गणेशोत्सव'. दोनच शब्द, याच क्रमाने. कुठे 'गणपती उत्सव', कुठे 'गणेश महोत्सव' असं होऊ देऊ नका.

अमराठी शेजाऱ्यांसाठी रोमन लिपीतलं स्पेलिंगही आत्ताच ठरवून लिहून ठेवा: Sayali Ganeshotsav. नाहीतर एका फलकावर Sayli, दुसऱ्यावर Ganesh Utsav असं येतं आणि जुने फोटो शोधतानाही सापडत नाहीत. रोमन नाव मराठी नावाच्या खाली, त्याच्या निम्म्या उंचीचं.

३. चिन्हात गणपतीच हवा ना? दुसरं काय टाकणार?

आमचा आग्रह उलट आहे: मुख्य चिन्हात देव नको. कारण चिन्ह कुठे कुठे छापलं जातं ते पाहा. महाप्रसादाची कूपनं, कागदी कप, जमिनीवरचे दिशादर्शक बाण, मुलांच्या स्पर्धेचे बिल्ले. जेवण झालं की कूपनं कचऱ्याच्या डब्यात जातात आणि बाण पायदळी येतात. मग कुणीतरी आक्षेप घेतं, आणि तो रास्त असतो. त्यानंतर कपांवरून चिन्हच गाळलं जातं आणि एकसारखेपणाची सुरुवातीलाच वाट लागते.

सोसायटीचीच एखादी खूण घ्या. 'सायली'ला ती आयती मिळते: सायलीचं फूल. इतरांना प्रवेशद्वाराची कमान, आवारातलं जुनं झाड, इमारतीच्या जिन्याची जाळी यांतून काही सापडतं. देवाची आकृती असलेलं दुसरं रूप हवंच असेल तर ठेवा, पण ते फक्त मंडपातल्या मुख्य फलकावर आणि निमंत्रणावर, असं लिहून ठेवा.

नेटवरून उतरवलेला गणपती चिन्ह म्हणून वापरू नका. तीच आकृती पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाच्या फलकावरही दिसते, आणि ती काढणाऱ्याचा हक्क असतो तो वेगळाच.

४. चिन्ह पुरेसं साधं आहे की नाही हे कसं ओळखायचं?

साध्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर १२ मिलिमीटर रुंदीचं छापा आणि हात लांब करून बघा. फूल फूल दिसलं तर पास. पाकळ्या एकमेकींत मिसळून काळा ठिपका झाला, तर मधली जागा वाढवा किंवा पाकळ्या कमी करा. पावतीपुस्तक एका रंगात छापतात, रबरी शिक्क्यात बारीक रेषा भरून जातात आणि टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाचे वेगळे पैसे पडतात. त्यामुळे एका रंगात न चालणारं चिन्ह निम्म्या ठिकाणी वापरताच येत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपचा फोटो गोल कापला जातो. चिन्हाभोवती चारही बाजूंनी मोकळी जागा सोडलेली एक चौकोनी प्रत त्यासाठी करून ठेवा.

५. फॉन्ट कुठला घ्यावा? दरवर्षी तोच फॉन्ट घेऊनही नाव वेगळं का दिसतं?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते फार जणांना माहीत नसतं. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून वेगळे असतात. 'सायली गणेशोत्सव' या नावात नेमकी ही दोन्ही अक्षरं आहेत. काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडलेली असेल तरच मराठी वळण उमटतं. भाषा निवडायची राहिली, किंवा सॉफ्टवेअरला ती सोयच नसली, की त्याच फॉन्टमधून हिंदी वळण येतं. एका वर्षी एक मुलगी लॅपटॉपवर फलक करते, पुढच्या वर्षी दुसरा मुलगा फोनवर. नाव एक, फॉन्ट एक, पण 'ल' वेगळा.

म्हणून उत्सवाचं नाव दरवर्षी टाइप करूच नका. एकदा नीट जुळवा, त्याची आकृती करून घ्या (कृती पुढच्या उत्तरात आहे) आणि चिन्हासारखीच ती आकृती वापरा.

तारखा, कार्यक्रमपत्रिका, सूचना असा बाकीचा मजकूर टाइप करावाच लागतो. त्यासाठी मुक्त परवान्याचे फॉन्ट घ्या, म्हणजे कुणालाही ते फुकट उतरवता येतील. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे Mukta आणि Baloo 2 सहज मिळतात. Mukta बारीक मजकुराला चांगला, Baloo 2 गुबगुबीत असल्यामुळे मथळ्याला. खास मराठी वळणासाठी Tiro Devanagari Marathi आहे, तो निमंत्रणपत्रिकेत शोभतो. यांतले दोन निवडा, तिसरा नको.

ओळींमध्ये अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात. अक्षराच्या मापाच्या दीडपट अंतर ठेवलं की बहुतेक वेळा भागतं.

६. आमच्याकडे नीट दिसतं, पण फ्लेक्स छापून आला की 'गणेशोत्सव' तुटलेलं. चूक कुणाची?

फाइल पाठवण्याच्या पद्धतीची. पुष्कळ फ्लेक्सवाल्यांकडे कोरलड्रॉची जुनी आवृत्ती असते. तिला युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. 'त्स'चा पाय मोडून हलंत 'त्' आणि सुटा 'स' होतो, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. फॉन्ट आत घातलेली पीडीएफ दिली तरी हे होऊ शकतं, कारण माप बदलायला दुकानदार ती कोरलमध्ये उघडतो आणि तिथे फॉन्ट बदलला जातो.

उपाय म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून पाठवणं. कोरलमध्ये मजकूर निवडून Ctrl+Q, इलस्ट्रेटरमध्ये Ctrl+Shift+O, इंकस्केपमध्ये Path मेनूतून Object to Path. आकृती झाल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधी टाइप केलेली प्रत वेगळ्या नावाने जपा आणि मगच हे करा. तारीख चुकली आणि दुरुस्तीची प्रतच नाही, ही वेळ नेहमी छपाईच्या आदल्या रात्री येते.

फोनवरच्या ॲपमध्ये फलक करत असाल तर प्रत्यक्ष मापाला दर इंचाला १०० ठिपके धरून चित्र बाहेर काढा. १० × ४ फुटी फलकाला ते १२००० × ४८०० होतं. बहुतेक फोन ॲप इतकं देत नाहीत, तेव्हा निदान निम्मं मिळेल असं बघा. आणि व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून नव्हे, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो.

७. रंग दरवर्षी थोडा वेगळाच छापून येतो. पक्का कसा करायचा?

'केशरी' किंवा 'मरून' असं सांगून रंग पक्का होत नाही, आकडे लागतात. 'सायली'साठी आम्ही असे दोन रंग धरू: कुंकवाचा लालसर #7A1F2B आणि झेंडूचा पिवळा #F5A800. छपाईसाठी त्यांचेच सी-एम-वाय-के आकडे साधारण ०/७५/६५/५२ आणि ०/३२/१००/०. जोडीला कागदाचा फिका रंग #FFF8EA.

ही जोडी निवडण्याचं कारण वाचनीयता आहे. कुंकवाच्या रंगावर पिवळं नाव, किंवा फिक्या रंगावर कुंकवाचं नाव, दोन्ही लांबून वाचता येतं. पांढऱ्यावर पिवळं मात्र कधीच नको. पडद्यावर ते खपून जातं, उन्हात फलकावर दिसेनासं होतं.

आकडे दिले तरी यंत्र, शाई आणि फ्लेक्सचा पोत यांमुळे फरक पडतो. त्यामुळे पहिल्या वर्षी फूटभर तुकडा छापून घ्या, पसंत पडला की त्यावर तारीख आणि दुकान लिहा आणि सोसायटीच्या कार्यालयातल्या कपाटात, अंधारात ठेवा. पुढच्या वर्षी नव्या दुकानदाराला तो तुकडा दाखवा. मंडपावर लावलेला मागचा फलक दाखवू नका, कारण तो उन्हाने उतरलेला असतो आणि दुकानदार तो उतरलेला रंग जुळवून देतो. अशी तीन-चार वर्षं गेली की कुंकवाचा गुलाबी होतो आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही.

पडद्यावर झगमगणारा केशरी किंवा राणी रंग मुळात निवडूच नये. चार शाईंच्या छपाईत ती झळाळी उतरत नाही.

८. चौकट म्हणजे काय? ती सगळ्या मापांना कशी बसवायची?

फलकाचे तीन पट्टे करा. वरचा पाचवा हिस्सा कुंकवाच्या रंगाचा, त्यात डावीकडे फूल आणि शेजारी नाव, उजव्या टोकाला वर्ष. खालचा सहावा हिस्सा फिका, तो सौजन्य आणि संपर्कासाठी. मधली सगळी जागा त्या वर्षीच्या विषयाची, तिथे समितीला पूर्ण मोकळीक.

उभ्या चित्रात हेच प्रमाण चालतं. रिकाम्या चौकटी तीन मापांत करून ठेवा: स्टेटससाठी १०८० × १९२०, ग्रुपवरच्या चित्रासाठी १०८० × १०८०, आणि प्रवेशद्वाराच्या फलकाचं तुमच्याकडचं माप. स्टेटसमध्ये सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली ॲपची बटणं येतात, म्हणून त्या मापात दोन्ही पट्टे थोडे आत सरकवा.

नावाचा आकार किती? वाचणारा उभा राहील तिथपर्यंतचं अंतर मोजा आणि दर १० फुटांना किमान १ इंच उंची धरा. रस्त्यापासून प्रवेशद्वार ४० फूट असेल तर नाव ४ इंच. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची. वेलांट्या आणि मात्रा तिच्या वर, त्यांच्यासाठी पट्ट्यात जागा वेगळी सोडा.

९. यंदा कितवं वर्ष? आमच्यात यावरून दरवेळी वाद होतो.

पहिलं वर्ष १ धरून मोजा, वजाबाकीत १ मिळवायला विसरू नका. 'सायली'चं १९९८ हे पहिलं, म्हणून २०२६ हे २९ वं. नुसतं २०२६ वजा १९९८ केलं की २८ येतं, आणि वाद बहुतेक तिथूनच उठतो. रौप्यमहोत्सव याच हिशेबाने २०२२ मध्ये.

२०२० आणि २०२१ ची करोनाची वर्षं मोजायची का? मूर्ती बसली असेल, मग भले दीड दिवस आणि चार माणसांत, तर मोजा. मूर्तीच बसली नसेल तर सोसायटीच्या सभेत एकदा ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. कुठलाही निर्णय चालेल, फक्त तो पुन्हा उकरला जाऊ नये.

लिहायची पद्धत 'वर्ष २९ वे' अशी एकच ठेवा. इसवी सन फलकावर हवाच असेल तर तोही त्याच जागी, दुसऱ्या ओळीत.

१०. रौप्यमहोत्सवाला तरी नवं चिन्ह करावं ना?

नवं नको, जोड द्या. नेहमीच्या चिन्हाखाली 'रौप्यमहोत्सव' अशी पट्टी लावा आणि त्या वर्षापुरता पिवळ्याच्या जागी चंदेरी राखाडी वापरा. वर्ष संपलं की पट्टी काढा. या वर्षासाठी केलेलं वेगळं चिन्ह लोकांना आवडतं, मग ते सव्विसाव्या वर्षीही राहतं, आणि मूळ चिन्ह कुठल्या कपाटात आहे ते कुणालाच आठवत नाही.

११. प्रायोजक फुकट फ्लेक्स छापून देतात, पण त्यांचंच डिझाइन असतं. नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणू नका, त्यांना तयार चौकट द्या. एकसारखेपणा सगळ्यात जास्त मोडतो तो याच ठिकाणी. दुकानदार आपल्या ओळखीच्या फ्लेक्सवाल्याला फोनवर 'सायली सोसायटी, गणपती' एवढंच सांगतो, आणि वर दुकानदाराचा फोटो, खाली कुठलातरी गणपती असा फलक येतो.

वर्गणी किंवा जाहिरात मागायला जातानाच फलकाची फाइल सोबत न्या. खालच्या पट्ट्यातली जागा दाखवा आणि 'इथे तुमचं नाव येईल' असं सांगा. सगळ्या प्रायोजकांची चिन्हं सारख्या उंचीची, एका ओळीत. जास्त रक्कम देणाऱ्याला जास्त फलक द्या, मोठं चिन्ह नको. उंची एकदा वाढवली की पुढच्या वर्षी तीच मागणी दुसरा करतो.

आवाराबाहेर, रस्त्यावर फलक लावायचा तर महापालिकेची परवानगी लागते. फुकट मिळाला म्हणून ती माफ होत नाही.

१२. दरवर्षी फ्लेक्स फेकावे लागतात. पुन्हा वापरता येतील का?

येतील, वर्ष आणि तारखा वेगळ्या केल्या तर. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक मासामुळे १४ सप्टेंबरला आहे. त्यामुळे तारीख छापलेला फलक दुसऱ्या वर्षी कामाचा नाही. प्रवेशद्वाराचा आणि मंडपाच्या माथ्याचा फलक फक्त नावाचा करा, शक्य तर कापडावर. वर्षाचा तुकडा वेगळा छापून वेल्क्रोने लावा. टी-शर्टवरही वर्ष नको, उरलेले पुढच्या वर्षी नव्या स्वयंसेवकांना देता येतात.

ठेवताना फ्लेक्सची घडी घालू नका, घडीवर शाई तडकते. पुसून, पूर्ण सुकवून, छापील बाजू बाहेर ठेवून नळीवर गुंडाळा. ओला गुंडाळलेला फलक पुढच्या श्रावणात काळ्या डागांसह निघतो.

१३. समिती दरवर्षी बदलते आणि फाइली कुणाच्या तरी लॅपटॉपवर राहतात. काय करावं?

फाइली माणसाच्या नाही, सोसायटीच्या खात्यावर ठेवा. सोसायटीच्या ईमेलचं ड्राइव्ह असेल तर तिथे, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर, नमुन्याच्या तुकड्याशेजारी कपाटात. रचना इतकी साधी असावी की नवीन माणसाला विचारावं लागू नये:

```
Ganeshotsav/
  00-kayam/
    chinha.svg
    naav-akruti.pdf
    chinha-ek-rang.png
    fonts/
    rang-ani-niyam.pdf
  2026/
  2027/
```

`00-kayam` मधलं फक्त वाचता येईल असं ठेवा, बदलायचा अधिकार सचिवांकडे. नियमांचं पान एकच असावं: नाव, रंगांचे आकडे, चौकटीचं चित्र, वर्ष मोजण्याचा नियम, देवाचं रूप कुठे चालतं ते. वीस पानांची पुस्तिका कुणी उघडत नाही.

विसर्जनानंतरच्या हिशेबाच्या सभेत खर्चाच्या कागदांबरोबर त्या वर्षीचा फोल्डरही सुपूर्द झाला, हे इतिवृत्तात एका ओळीत लिहा. हे राहिलं तर पुढच्या वर्षी जुन्या व्हॉट्सॲप फोटोवरून चिन्ह गिरवलं जातं. प्रत्येक गिरवण्यात कडा थोड्या सरकतात आणि सायलीचा मोगरा होतो.

१४. चिन्ह सोसायटीतल्याच मुलीने फुकट करून दिलं. ते आता सोसायटीचं झालं का?

आपोआप नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे असं फुकट करून दिलेलं काम करणाऱ्याच्याच मालकीचं राहतं आणि हक्क द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. म्हणून तिच्याकडून सहीचं छोटं पत्र घ्या: हे चिन्ह आणि नावाची आकृती कायमस्वरूपी, फेरफार करण्याच्या हक्कासह सोसायटीला दिली आहे. बदल्यात नियमांच्या पानावर 'चिन्ह:' असं लिहून तिचं नाव कायम ठेवा. तो तिचा मान आहे, आणि काही विचारायचं झालं तर पुढच्या समितीला माणूसही सापडतो.

१५. आमचं जुनं चिन्ह खरोखर वाईट आहे. तरी तेच चालू ठेवायचं?

लोक ते ओळखत असतील तर बदलू नका, स्वच्छ करा. सगळ्यात जुनी छापील प्रत शोधा, बहुतेक ती पहिल्या पावतीपुस्तकावर मिळते. तिच्यावरून एकदा नीट पुन्हा काढा, बारीक रेषा आणि सावल्या काढून टाका. प्रश्न ४ मधली परीक्षा पास झाली की काम झालं. चिन्ह पूर्ण बदलायचंच असेल तर रंग आणि चौकट त्या वर्षी तशीच राहू द्या. दोन्ही एकदम बदललं की रहिवाशांना तो दुसऱ्याच कुणाचा उत्सव वाटतो.

१६. नवरात्र, संक्रांत, वर्धापनदिन यांना हीच ओळख चालेल का?

चौकट, फूल आणि अक्षरं तीच. नाव 'सायली नवरात्रोत्सव' असं त्याच पद्धतीने जुळवून घ्या आणि फक्त दुसरा रंग बदला. कुंकवाचा रंग सगळीकडे राहू द्या. नवरात्रात रोजचा रंग वेगळा असतो, तो मधल्या जागेत येऊ द्या, पट्ट्यांत नको.

१७. इमारत पुनर्विकासाला गेली आहे. तीन वर्षं सगळे भाड्याच्या घरांत, आणि परतल्यावर नवीन सदनिकाधारकही असतील. ओळख तीच ठेवायची का?

सोसायटी तीच राहते, म्हणून ओळखही तीच. मधल्या वर्षांत एखाद्या सभासदाच्या भाड्याच्या घरी मूर्ती बसली तरी निमंत्रण त्याच चौकटीत पाठवा आणि वर्ष पुढे मोजा (प्रश्न ९). मूर्ती बसणार नसेल तरी चतुर्थीला त्याच चौकटीत शुभेच्छांचं चित्र ग्रुपवर टाका, त्यावर वर्षाचा आकडा मात्र नको.

चिन्ह जुन्या इमारतीच्या आकारावर बेतलेलं असेल तर पाडकामाआधी कमान, जाळी, नावाची पाटी यांचे समोरून, सरळ रेषेत फोटो काढा आणि मापं लिहून ठेवा. नव्या मनोऱ्याचं चित्र चिन्हात घालायचा मोह होतो, बिल्डरच्या माहितीपत्रकात ते तयारच मिळतं. ते घेऊ नका. त्या चित्राचे हक्क सोसायटीचे नसतात, आणि प्रत्यक्ष इमारत पुष्कळदा त्या चित्रासारखी होत नाही. परतल्यावर पहिल्या वर्षी `00-kayam` मधली सगळी मापं नव्या प्रवेशद्वाराप्रमाणे तपासा. रस्ता ते दार हे अंतर बदललेलं असतं आणि त्याबरोबर नावाची उंचीही (प्रश्न ८).